रात्री न निवणारं कोथरूड: गच्चीचा पांढरा रंग, झाडं आणि मोकळी जागा

प्रश्न: आम्ही कोथरूडमध्ये पस्तीस वर्षं जुन्या चार मजली सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. एप्रिल-मेमध्ये रात्री बारापर्यंत छत आणि भिंती तापलेल्या असतात. भाऊ पाषाणला राहतो, त्याच्याकडे पहाटे पांघरूण लागतं. सोसायटीत वाद चाललाय: गच्चीला पांढरा रंग द्यायचा, पत्र्याची शेड टाकायची की झाडं लावायची? शहर तापतं म्हणजे नेमकं काय होतं आणि यातल्या कशाने खरंच फरक पडतो?

उत्तर:

तुमच्या घरापुरतं बोलायचं तर गच्ची पांढरी करा, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत करा. शेड फक्त गळतीचा दुसरा काही इलाज उरला नसेल तरच. झाडं जरूर लावा, पण चौथ्या मजल्याला त्यांचा उपयोग व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतील हे धरून चाला. तुमच्या गल्लीची रात्र थंड होणं मात्र यातल्या कशापेक्षाही आजूबाजूला किती आकाश आणि किती उघडी माती शिल्लक आहे यावर ठरतं.

तुमच्या प्रश्नातला कळीचा शब्द ‘रात्री बारापर्यंत’ हा आहे. शहर तापतं म्हणताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दुपारचं ऊन येतं. पण पुण्यासारख्या कोरड्या हवेच्या शहरात एप्रिलच्या दुपारी शहर आणि भोवतालची गावं यांच्या हवेत फारसा फरक नसतो. खरा फरक सूर्य मावळल्यावर पडायला लागतो. गावाकडची जमीन भराभर निवते, शहर निवत नाही. हवामानाचा अभ्यासक ल्यूक हॉवर्ड याने दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये हेच टिपलं होतं: रात्री शहर बाहेरच्या भागापेक्षा सुमारे दोन अंशांनी उबदार, दिवसा जवळपास सारखंच. पुण्यातल्या किमान तापमानाचे रोजचे आकडे पाहिलेत तर पाषाण आणि शिवाजीनगर खाली, तर मगरपट्टा आणि कोरेगाव पार्क त्यांच्यापेक्षा बरेच वर, हे चित्र वारंवार दिसतं. नोंदयंत्र नेमकं कुठे बसवलंय यावरही त्यातला काही भाग अवलंबून असतो, पण कल खोटा नाही.

एक इशारा इथेच देतो, कारण सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी उपग्रहाचा लाल-पिवळा नकाशा टाकतंच. तो नकाशा हवेचं नव्हे, पृष्ठभागाचं तापमान दाखवतो, आणि बहुतेक वेळा सकाळी अकराच्या आसपासचं. त्यात पुण्याबाहेरची नांगरून उघडी पडलेली शेतं आणि माळरानं शहराइतकीच, कधी शहराहूनही लाल दिसतात. त्यावरून ‘शहर तापतच नाही’ असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. तीच शेतं पहाटे चारला पाहिली तर ती गार झालेली असतात आणि शहर अजून कोमट असतं.

आता तुमची गल्ली का निवत नाही ते पाहू. दिवसभर डांबर, काँक्रीट आणि विटा ऊन पितात. रात्री ही उष्णता बाहेर पडायचा मुख्य मार्ग म्हणजे आकाश. कोरड्या, निरभ्र रात्री उघड्यावरची जमीन आकाशाकडे दर चौरस मीटरला ऐंशी-शंभर वॉट उष्णता सोडत असते. पण गल्लीतल्या रस्त्याला पूर्ण आकाश दिसत नाही, समोरासमोरच्या भिंती दिसतात, आणि त्याही तापलेल्याच असतात. रस्ता भिंतीला उष्णता देतो, भिंत रस्त्याला. तापलेले दोघे एकमेकांना ऊब देत रात्र काढतात.

हे मोजता येतं. गल्ली लांबलचक आहे असं धरलं तर रस्त्याच्या मध्यावर उभं राहून किती आकाश दिसतं याचा हिशेब सोपा आहे: इमारतीच्या उंचीची दुप्पट घ्या, तिला समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतराने भागा, त्याचा वर्ग करून त्यात एक मिळवा, त्याचं वर्गमूळ काढा आणि एकाला त्याने भागा. कोथरूडची जुनी बंगल्यांची गल्ली घेऊ. बंगले सात मीटर उंच आणि दोन्हीकडची आवारं धरून भिंतींमध्ये बारा मीटर अंतर. आकाश दिसायचं सुमारे ६५ टक्के. मग तुमच्यासारख्या चार मजली सोसायट्या आल्या. उंची पंधरा मीटर, अंतर तेच, तर आकाश उरलं ३७ टक्के. आता पुनर्विकासात छत्तीस मीटरचे टॉवर येताहेत. ते थोडे मागे सरकले आणि अंतर पंधरा मीटर झालं तरी आकाश राहतं २० टक्के. म्हणजे पस्तीस-चाळीस वर्षांत त्याच रस्त्याची निवण्याची खिडकी एक-तृतीयांशावर आली. दिवसा या उंच इमारती सावली देतात हे खरंच, आणि दुपारी अशा गल्लीत बरंही वाटतं. त्याची किंमत रात्री मोजावी लागते.

पाषाणचा भाऊ सुखी आहे तो यामुळे. तिकडे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांची मोठमोठी आवारं आहेत, तळं आहे, रामनदीचा सखल पट्टा आहे. आकाश भरपूर दिसतं आणि आजूबाजूच्या टेकड्यांवरून उतरलेली गार हवा त्या सखल भागात साठते. या गार हवेकडे शेवटी परत येतो.

गच्ची

पुण्यात एप्रिल-मेमध्ये सूर्य जवळपास डोक्यावर असतो. मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो हे तुम्हाला माहीत असेलच. याचा घराच्या दृष्टीने अर्थ असा की त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. सगळ्यात जास्त ऊन गच्ची खाते, त्याखालोखाल पूर्व आणि पश्चिम भिंती. म्हणून वरच्या मजल्याच्या तक्रारीत गच्ची हा पहिला आरोपी.

तुमच्या इमारतीच्या वयाच्या बांधकामात साधारणपणे पाच इंची स्लॅब आणि त्यावर चारेक इंचांचा ब्रिकबॅट कोबा असतो. शेवाळ येऊन-वाळून काळवंडलेला कोबा उन्हाचा फक्त २०-२५ टक्के भाग परत पाठवतो, बाकी सगळं पितो. दुपारी त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो. ही उष्णता त्या नऊ इंचांतून खाली यायला साधारण सहा तास घेते. म्हणून तुमचं छत सगळ्यात गरम होतं ते दुपारी दोनला नव्हे, संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान. नेमकी बाहेरची हवा सुसह्य व्हायला लागते तेव्हा. आणि एवढं जड काँक्रीट निवायला पुढचे तीन-चार तास जातात, म्हणून बारा वाजतात.

पांढऱ्या रंगाने काय होईल त्याचा हिशेब मांडतो. तुमचा फ्लॅट साडेसहाशे चौरस फुटांचा, म्हणजे साठ चौरस मीटरचा धरू. एप्रिलच्या स्वच्छ दिवशी गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर साडेसहा युनिटच्या आसपास ऊन पडतं. युनिट म्हणजे विजेच्या बिलातलंच. नवा चांगला पांढरा लेप ऐंशी टक्के ऊन परतवतो, पण पुण्याची धूळ धरून आपण ६५ टक्केच मानू. २५ वरून ६५ म्हणजे चाळीस टक्के ऊन कमी शोषलं जाणार: चौरस मीटरमागे रोज २.६ युनिट, तुमच्या डोक्यावरच्या सबंध छतासाठी दीडशे युनिटच्या वर.

यातलं सगळं काही तुमच्या घरात आलं नसतं. बहुतेक भाग गच्चीवरूनच हवेत गेला असता. स्लॅबमधून खाली उतरणारी उष्णता काढली तर ती रोजची सोळा-सतरा युनिट भरते. दीड टनाचा एसी तासाला खोलीतली पाच युनिटपेक्षा थोडी जास्त उष्णता काढतो. म्हणजे एसीने तीन तास सलग राबून जेवढी उष्णता काढावी, तेवढी रोज आतच येणार नाही. छताच्या आतल्या बाजूला रात्री नऊला चार-पाच अंशांचा फरक पडावा आणि खोलीच्या हवेत दोन-तीन अंशांचा. उरलेली सव्वाशे-दीडशे युनिट मोहल्ल्याच्या हवेत जायची वाचली. म्हणजे पांढऱ्या गच्चीचा मोठा लाभार्थी खरं तर शेजारी असतो, पण त्याला तो कळत नाही, कारण एका गच्चीने गल्लीची हवा मोजता येईल इतकी बदलत नाही. निम्म्याहून जास्त गच्च्या पांढऱ्या झाल्या तर परिसराच्या हवेत अर्ध्या-एक अंशाचा फरक अपेक्षित धरता येतो, त्याहून मोठी आश्वासनं कुणी दिली तर पुरावा मागा.

हा सगळा फायदा फक्त वरच्या मजल्याचा. तिसऱ्या मजल्यावरच्यांना काही जाणवणार नाही. वार्षिक सभेत वाद तिथेच होतो, त्यामुळे ते आधीच सांगून टाकलेलं बरं. गळतीचा प्रश्न मात्र सगळ्यांचा असतो आणि चांगला लेप जलरोधकही असतो, शिवाय कोबा कमी तापला की त्याचं रोजचं प्रसरण-आकुंचन कमी होऊन भेगाही कमी पडतात. खर्च वाटून घ्यायचा तर हा मुद्दा पुढे करा.

काय लावायचं आणि कुठे बिघडतं

तीन पर्याय व्यवहारात आहेत. सगळ्यात स्वस्त म्हणजे चुना, त्यात चिकटद्रव्य घालून. तो सुरुवातीला उत्तम परतवतो, पण चालताना पायाला लागतो आणि पहिल्या पावसाळ्यात बराचसा वाहून जातो. दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा मारायची तयारी असेल तर तो वाईट नाही. दुसरा अॅक्रिलिकचा ‘कूल रूफ’ लेप. हजार चौरस फुटांना दोन हातांत साधारण चाळीस-पन्नास लिटर लागतो. डब्यावरचा पृष्ठव्याप वाचून ताडा, आणि कंत्राटदार पंचवीस लिटरमध्ये उरकतो म्हणाला तर तो पाणी घालणार आहे हे समजा. तिसरा चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सचे तुकडे मसाल्यात बसवणं. तो वीस वर्षं टिकतो आणि धुतला की पुन्हा पांढरा होतो, पण स्लॅबवर चौरस मीटरला पन्नास-साठ किलोंची भर पडते. पस्तीस वर्षांच्या इमारतीत आधीच कोब्यावर कोबा चढवलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय त्याचं नाव काढू नका.

रंग विकत घेताना ‘पांढरा’ या शब्दावर जाऊ नका. उन्हातली निम्मी शक्ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते, त्यामुळे दिसायला सारखे दोन पांढरे रंग वेगळे वागू शकतात. विक्रेत्याकडे दोन आकडे मागा: सौर परावर्तन, म्हणजे लेप किती ऊन परतवतो, आणि उत्सर्जन, म्हणजे स्वतःची उष्णता तो किती सहज सोडतो. केंद्राच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत सपाट गच्चीसाठी परावर्तन किमान ०.६ आणि उत्सर्जन ०.९ सांगितलंय. शक्य तर तीन वर्षं जुन्या झालेल्या लेपाचा आकडा विचारा, नव्याचा सगळेच चांगला सांगतात. चंदेरी अॅल्युमिनियमच्या रंगाला नाही म्हणा. तो ऊन परतवतो खरा, पण स्वतःची उष्णता आकाशाकडे सोडण्यात कंजूष असतो, आणि आपला सगळा झगडा तर रात्रीचा आहे.

काम बिघडतं ते बहुतेक वेळा रंगामुळे नव्हे, तयारीमुळे. ओलसर कोब्यावर लेप दिला की एप्रिलच्या उन्हात आतली वाफ वर येते आणि पापुद्रे सुटतात. आधी भेगा भरा, नीट ढाळ काढा म्हणजे पाणी साचणार नाही, तारेच्या ब्रशने शेवाळ घासून काढा, धुवा आणि चार-पाच कोरडे दिवस जाऊ द्या. फेब्रुवारी-मार्च हा योग्य काळ. पावसाळ्यानंतर गच्चीवर काळपट थर येतो. ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा मार्चमध्ये धुतली नाही तर दोन वर्षांत निम्मा फायदा गेला म्हणून समजा. गुळगुळीत लेप पावसात निसरडा होतो, तेव्हा टाकीकडे जायच्या वाटेवर थोडी बारीक वाळू मिसळून द्या. शेजारी तुमच्याहून उंच इमारत असेल तर त्यांच्या खिडक्यांत चकाकी जाते, म्हणून चमकदार नव्हे, मॅट घ्या.

पत्र्याची शेड. पुण्यात गळतीवर हा हमखास उपाय झालाय. उघड्या बाजूंची, किमान सात-आठ फूट उंच शेड स्लॅबवर सावली धरते आणि दुपारचा ताप बराच रोखते, हे मान्य. पण निळा किंवा लाल पत्रा स्वतः तापून खाली स्लॅबवर उष्णता फेकतो, आणि रात्री स्लॅबला आकाश दिसू देत नाही. बाजू बंद करून कोठी केली, जे आज ना उद्या होतंच, की वारा थांबतो आणि सगळा फायदा संपतो. शिवाय महापालिकेच्या परवानगीचा प्रश्न असतो तो वेगळाच. टाकायचीच असेल तर पांढरा पत्रा आणि चारही बाजू उघड्या. गच्चीवर सौर पॅनेल बसवणार असाल तर त्यांची सावलीही हेच काम करते, आणि वीज देते. मधल्या मोकळ्या भागाला पांढरा लेप द्या.

पैसे घालण्याआधी खात्री करायची असेल तर एका खोलीवरचा गच्चीचा भाग चुन्याने रंगवा, शेजारची खोली तशीच ठेवा. दोन्ही खोल्यांची दारं बंद, पंखे सारखे. आठवडाभर रात्री नऊला दोन्ही छतांचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा; करोनाच्या काळात कपाळाला लावायचे ते नको, ते शरीराच्याच तापमानाला बेतलेले असतात, बाजारात यांत्रिक कामाचे मिळतात ते घ्या. तीन अंशांपेक्षा कमी फरक दिसला तर तुमची मुख्य उष्णता बहुधा पश्चिमेच्या भिंतीतून येतेय, छतातून नव्हे. मग गच्चीवर खर्च करून निराश होण्यापेक्षा त्या खिडक्या-भिंतींना बाहेरून सावली करा. बांबूची चीक किंवा शेडनेट काचेच्या बाहेर लावा. आतला पडदा ऊन घरात शिरल्यावर अडवतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

जाता जाता, हाच पांढरा रंग सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो तुमच्या-माझ्या स्लॅबवर नव्हे, वस्त्यांमधल्या पत्र्याच्या घरांवर. तिथे उष्णता मुरायला सहा तास लागत नाहीत, मिनिटांत डोक्यावर येते. अहमदाबादने २०१३ च्या उष्णता कृती आराखड्यानंतर २०१७ मध्ये अशी घरं रंगवायला घेतली ती याच हिशेबाने, आणि तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफचं स्वतंत्र धोरणच केलं.

झाडं

झाड दोन कामं करतं: सावली धरतं आणि पाणी हवेत सोडतं. दुसऱ्या कामाचं कौतुक फार होतं. शंभर लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळजवळ अडुसष्ट युनिट उष्णता लागते, म्हणून ‘एक झाड म्हणजे इतके एसी’ असे हिशेब फिरतात. पण हे शंभर लिटर मुळांना मिळाले पाहिजेत. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक घातलेल्या आवारातलं झाड मेमध्ये दुपारी पानांची रंध्रं मिटून बसतं आणि जेमतेम जीव धरतं. त्याच्याकडून थंडाव्याची अपेक्षा करण्याआधी त्याला पाणी प्यायला जागा द्या.

सावलीचं काम मात्र ते नक्की करतं. उन्हातलं डांबर साठ अंशांवर असताना दाट झाडाखालचं चाळिशीच्या आसपास असतं. झाडाखालची हवा फार तर एक-दोन अंशांनी कमी असते, तरी तुम्हाला कितीतरी जास्त बरं वाटतं, कारण डोक्यावरचं ऊन आणि पायाखालच्या रस्त्याची धग दोन्ही गेलेली असतात. आणि जो रस्ता दिवसा तापलाच नाही, त्याला रात्री परत द्यायला काही नसतं.

म्हणून झाड निवडताना एकच प्रश्न विचारा: एप्रिलमध्ये याच्यावर पानं असतात का? गुलमोहर ऐन उन्हाळ्यात फुलांनी पेटलेला असतो, पण सावली विरळ. पळस, पांगारा तेव्हा निष्पर्ण. रॉयल पाम म्हणजे विजेचा खांबच, बिल्डरांना तो का आवडतो हे उघड आहे: वाढवायला नको, कचरा नको, आणि सावलीही नको. याउलट करंज मार्च-एप्रिलमध्ये पालवी पालटून लगेच गच्च हिरवा होतो. कडुनिंबाचंही तसंच. बकुळ आणि जांभूळ बारमाही हिरवे, पण बकुळ सावकाश वाढते आणि जांभळाखाली गाडी लावली की जूनमध्ये भांडणं. वड-पिंपळ मोठ्या मोकळ्या जागेत लावा. सोसायटीच्या भिंतीजवळ त्यांची मुळं ड्रेनेजमध्ये शिरतात.

जागा पश्चिमेला, भिंतीपासून तीन-चार मीटरवर. दुपारी तीननंतरचं तिरपं ऊन तिथे अडतं. बुंध्याभोवती किमान एक मीटर बाय एक मीटर आळं उघडं ठेवा, मोठ्या झाडाला त्याहून जास्त. तुमच्या आवारात बहुधा असतील, अशा जुन्या झाडांभोवतीचे पेव्हर ब्लॉक आणि त्याखालचं काँक्रीट फोडून काढणं हे नव्या दहा रोपांपेक्षा मोलाचं काम आहे. फांद्या छाटतानाही भान ठेवा. आपल्याकडे छाटणी म्हणजे मुंडण. १९७५ च्या झाडांबाबतच्या राज्य कायद्याखाली शहरी भागात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि छाटणीलाही महापालिकेला विचारूनच हात लावलेला बरा.

झाडांचीही रात्रीची एक मर्यादा आहे. अरुंद गल्लीवर दोन्हीकडून फांद्या भिडून कमान झाली की दिवसा स्वर्ग, पण रात्री तीच कमान उरलंसुरलं आकाश झाकते, आणि खालच्या गाड्यांचा धूर व एसींची गरम हवा अडकून राहते. म्हणून झाडं तोडायची नाहीत. मधे मधे फट राहील अशा अंतरावर लावायची, आणि रात्र निववायचं काम झाडांकडून नव्हे, मोकळ्या जागेकडून करून घ्यायचं.

मोकळी जागा

हा भाग सगळ्यात दुर्लक्षित आहे. उघडं मैदान दुपारी तापतं, गवत सुकलं असेल तर जास्तच. त्यामुळे ‘मैदानाने काय थंडावा मिळणार’ असं वाटतं. पण तेच मैदान सूर्य मावळल्यावर सगळ्यात आधी निवतं, कारण त्याला सगळं आकाश मोकळं असतं आणि कोरडी माती उष्णता खोल साठवत नाही. बागेच्या थंडाव्याचा ढोबळ नियम असा की तो बागेच्या रुंदीइतक्या अंतरापर्यंत पोचतो. तीस मीटरच्या कोपऱ्यातल्या बागेचा परिणाम दोन-तीन इमारतींपुरता. भोवती उंच भिंत असेल तर तेवढाही नाही.

कोथरूडचं नशीब असं की डोक्यावर वेताळ टेकडी आहे. संध्याकाळी तिच्या उतारावरचं गवत निवतं, त्याला लागलेली हवा गार आणि जड होते आणि उतारावरून हळूहळू खाली सरकते. तिची वाट पाण्याचीच: घळी, ओढे, नाले, मग मुठा. हा वारा इतका हलका असतो की अंगाला जाणवेलच असं नाही, पण शांत, निरभ्र रात्री तो गल्लीतली कोमट हवा ढकलतो. जी हवा पाण्याच्या वाटेने येते ती पाण्यासारखीच अडते. नाल्यावर स्लॅब टाकला, दोन्ही काठांवर आडव्या लांबलचक इमारती उभ्या केल्या, आवाराला सात फुटी भरीव भिंत बांधली, की ती वर टेकडीच्या पायथ्याशीच तुंबते. पुण्याच्या बांधकाम नियमांत १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधायला बंदी आहे आणि काही टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे. चर्चा नेहमी टेकडीच्या हिरवाईची होते, पण तुमच्या झोपेच्या दृष्टीने टेकडीपासून नदीपर्यंतचे नाले उघडे असणं तितकंच महत्त्वाचं. आंबील ओढ्याला सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या पुराने नाले आवळल्याचा पावसाळी परिणाम सगळ्यांनी पाहिला. उन्हाळी परिणाम कुणी पंचनाम्यात लिहीत नाही.

रात्र तापवणारी एक गोष्ट तुमच्याच हातात आहे. दीड टनाचा एसी खोलीतली पाच युनिट आणि स्वतःने खाल्लेली दीडेक युनिट अशी तासाला साडेसहा-सात युनिट उष्णता गल्लीत ओततो. नेमक्या त्या वेळी, जेव्हा गल्ली निवायला पाहते. गच्ची पांढरी झाल्यावर एसी लावायची वेळ पुढे गेली तर तो फायदा समोरच्या इमारतीलाही मिळतो.

तुमची इमारत पस्तीस वर्षांची आहे, म्हणजे पुनर्विकासाची बोलणी चालू असतील किंवा लवकरच सुरू होतील. ती दोन-तीन वर्षांवर आली असेल तर महागडा लेप नको, चुनाच मारा. पण नव्या इमारतीच्या आराखड्यात काही गोष्टी आत्ताच लिहून मागा. उंच इमारतीभोवतीची जागा अग्निशमनाच्या गाडीसाठी मोकळी ठेवावी लागते आणि तळघरातलं पार्किंग बहुतेकदा प्लॉटच्या कडेपर्यंत जातं, त्यामुळे ‘शंभर झाडं लावू’ म्हणणारा बिल्डर ती पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या, दोन-तीन फूट मातीत लावणार असतो. तिथे मोठं झाड होत नाही. प्लॉटचा एक सलग तुकडा, शक्यतो पश्चिमेला किंवा नाल्याकडे, तळघराशिवाय आणि खाली खरी जमीन असलेला सोडायला लावा. जुनी झाडं त्याच तुकड्यात येतील असा तो निवडा. गच्चीचा लेप परावर्तनाच्या आकड्यासकट करारात घाला. आणि कंपाउंडला भिंतीऐवजी गुडघाभर जोत्यावर जाळी मागा.